निळ्यावरचा लाल

गेल्या पावसाळ्यात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, आणि त्यानंतर पुष्कळ दिवस निळ्या रंगाविषयी माझ्या दोन डोळ्यांचे एकमत होईना. वयोमानाने डोळ्याचे नैसर्गिक भिंग पिवळसर होत जाते व निळा प्रकाश अडवू लागते, ही गोष्ट मला ऐकून ठाऊक होती. परंतु एक डोळा झाकून पडद्याकडे पाहिले की तीच निळी जमीन डाव्या डोळ्याला गडद व गंभीर आणि उजव्याला उजळ, जवळजवळ झगमगती दिसते, हा प्रत्यय निराळा होता. ज्याने उभा जन्म रंगाची पारख या एका गुणाच्या अभिमानावर घालविला, रंगांची कोष्टके पाहणाऱ्यांना जो मनातल्या मनात कारकून समजत आला, त्याला आपला डोळा हे प्रमाण नसून वयाप्रमाणे बदलणारे एक काचसामान आहे हे मान्य करणे जड गेले. तो अभिमान अजून पुरता गेलेला नाही, हेही मी लपवीत नाही.

याच सुमारास जिल्ह्याच्या ठिकाणी आशा सेविकांना प्रशिक्षण देणाऱ्या एका बाईंनी, ती पुन्हा तयार करून द्यावी म्हणून, मला एका स्लाइडचे छायाचित्र पाठविले. मूळ फाइल संगणकाबरोबर नष्ट झालेली. उरले ते एका सेविकेने मागच्या रांगेतून मोबाइलवर घेतलेले, तिरपे, ट्यूबलाइटच्या उजेडाने फिकटलेले हे एकच चित्र. विषय लहान मुलांच्या जुलाबाचा. निळ्या जमिनीवर वरपासून खालपर्यंत मजकूर दाटलेला: प्रास्ताविक पिवळ्या अक्षरांत, ओआरएस बनविण्याची रीत हिरव्या, धोक्याची लक्षणे गुलाबी, आणि ज्या एका ओळीसाठी ही सारी स्लाइड जन्माला आली ती झिंकची मात्रा, महत्त्वाची म्हणून, भडक लाल अक्षरांत. त्या छायाचित्रात प्रास्ताविकाचा शब्दन् शब्द वाचता येत होता. मात्रा तेवढी वाचता येत नव्हती.

चित्र सरळ करणे, कडा छाटणे यांविषयी लिहीत नाही; चार कोपरे ओढून चौकट काटकोनात आणली की झाले, आणि कोपऱ्यातले गोल बोधचिन्ह लांबट दिसले नाही म्हणजे प्रमाणही बरोबर आले असे समजावे. परंतु मजकूर पुन्हा उतरवून घेताना छायाचित्राला धारदार करण्याचा मोह आवरावा, एवढे मात्र सांगितले पाहिजे. यंत्राने धार आणलेल्या चित्रात नसलेल्या रेघा उमटतात. देवनागरीत तर एखादा ठिपका अनुस्वार होऊन बसतो आणि खरा अनुस्वार पुसला जातो. आकड्यांची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण अस्पष्ट चित्रात १ आणि ९ यांतला भेद नाहीसा होतो. मी बाईंना फोन करून ती ओळ आठवून सांगावयास सांगितले. ‘‘काका, दहाच आहे तो, नव्वद नाही,’’ असे त्या म्हणाल्या. तरीही छापील मार्गदर्शिकेशी रुजवात घातल्याखेरीज औषधाचा आकडा मी पुढे जाऊ देत नाही, आणि कोणी देऊ नये.

आता त्या लाल ओळीकडे वळतो, कारण माझ्या धंद्यातली सर्वांत हट्टी अडचण तीच आहे. निळ्यावर लाल अक्षर लिहिले म्हणजे त्याच्या कडा थरथरतात. जोसेफ अल्बर्स यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या रंगविषयक ग्रंथात अशा थरथरणाऱ्या सीमारेषांवर स्वतंत्र विवेचन केले आहे. डोळ्याचे भिंग लाल व निळा प्रकाश एकाच अंतरावर केंद्रित करू शकत नाही हे त्याचे एक कारण. पण त्याहून मूलगामी कारण असे की, अक्षराचा बारीक आकार मनुष्य रंगाच्या भेदाने ओळखीतच नाही, तो उजेडाच्या भेदाने ओळखतो. शुद्ध पांढऱ्याचा उजेड शंभर मानला तर पडद्यावरच्या शुद्ध पिवळ्याचा सुमारे त्र्याण्णव, हिरव्याचा बहात्तर, लालाचा एकवीस आणि निळ्याचा सात भरतो. म्हणजे निळ्यावरचे पिवळे अक्षर दिवसाइतके स्पष्ट, आणि निळ्यावरचे लाल हे काळोखावर ठेवलेले दुसरे काळोखाचे अक्षर. महत्त्वाची म्हणून जी ओळ लाल केली जाते तीच नेमकी बुडते.

वेबवरील मजकुरासाठी ठरविलेल्या मानकांत अक्षर व जमीन यांच्या उजेडाचे प्रमाण निदान ४.५ : १ असावे असा दंडक आहे; हिशेबासाठी दोन्ही बाजूंत पाच मिळवून भागाकार करतात. त्या हिशेबाने निळ्यावरचा पिवळा ८ : १ येतो आणि निळ्यावरचा लाल जेमतेम २.१५ : १. पण हा हिशेब अंधाऱ्या खोलीतल्या चांगल्या पडद्याचा. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. तो जेथे प्रकाश टाकीत नाही तेथे केवळ खोलीच्या उजेडातला पडदा दिसतो. सेविकांना वहीत लिहून घ्यावयाचे असते म्हणून दिवे लावलेलेच असतात, आणि त्या दिव्यांचा उजेड पडद्यावरच्या पांढऱ्याच्या निम्मा पडला असे धरले, तर प्रत्येक रंगात पन्नास मिळवावे लागतात: लाल एकाहत्तर, निळा सत्तावन्न, प्रमाण १.२५ : १. त्याच खोलीत पांढऱ्यावरचे काळे अक्षरसुद्धा ३ : १ वर येते, मग लालाने कोणाकडे दाद मागावी? शिवाय स्वस्त प्रोजेक्टरांपैकी पुष्कळांत, पांढरा उजळ दिसावा म्हणून रंगचक्रात एक रंगहीन काच बसविलेली असते. तिने पांढऱ्याला बळ मिळते, लालाला मिळत नाही, आणि तो विटकरी होऊन जातो.

छायाचित्र या साऱ्यावर शेवटचा घाव घालते. मोबाइलवर साठविल्या जाणाऱ्या बहुतेक चित्रांत उजेडाची नोंद प्रत्येक बिंदूची ठेवतात, पण रंगाची नोंद चार बिंदूंना मिळून एकच. ज्या अक्षराचे अस्तित्व केवळ रंगाच्या भेदावर अवलंबून आहे, त्याच्या कडा त्या नोंदीतच वितळतात. वेलांटी, अर्धा र, अनुस्वार ही प्रथम जातात. म्हणून अशा छायाचित्रातून मूळ रंग टिपून घेऊन स्लाइड ‘दुरुस्त’ करू पाहणे व्यर्थ आहे. ते रंग स्लाइडचे नसतात. स्लाइड, दिवा, भिंत आणि मोबाइल या चौघांचे ते मिश्रण असते. माझ्या मते छायाचित्राचा खरा उपयोग साक्षीदार म्हणून आहे. मी ते कृष्णधवल करून पाहिले आणि त्याने सेविकेने काय पाहिले ते सांगून टाकले: पिवळे प्रास्ताविक उभे, हिरवी रीत उभी, गुलाबी लक्षणे अंधुक, लाल मात्रा गायब.

माझे दोन डोळे येथे पुन्हा भांडले. पिवळ्या भिंगाच्या डाव्या डोळ्याला निळा काळवंडलेला दिसत असल्यामुळे लाल ओळ थोडीबहुत सुटी वाटे; उजव्याला ती जमिनीत मिसळलेली दिसे. कृष्णधवल चित्राने उजव्याच्या बाजूने निवाडा दिला, आणि तेव्हापासून रंग ठरविण्यापूर्वी मी प्रत्येक स्लाइड एकदा रंगहीन करून पाहतो.

ही निळी जमीन आली कोठून, हेही आठवते. फिल्मच्या स्लाइडींच्या काळात डायझो पद्धतीने निळ्यावर पांढरी अक्षरे स्वस्तात व सुबक उमटत. सभागृहात पूर्ण अंधार असे, आणि त्या अंधारात ते पांढरे अक्षर उत्तम वाचता येई. पुढे १९८७ साली पॉवरपॉइंट आले, २००४ साली कोडॅकने स्लाइड-प्रोजेक्टर बनविणे बंद केले, सभागृहातला अंधार गेला. निळी जमीन मात्र शिरस्ता म्हणून राहिली आणि तिच्यावरच्या पांढऱ्या अक्षरांच्या जागी हव्या त्या रंगांची भरती झाली. आजचे तरुण सजावटकार याच्या उलट टोकाला गेले आहेत: पांढऱ्यावर फिकट राखाडी, केसाएवढी बारीक अक्षरे, जी त्यांच्या टेबलावरच्या पडद्यावर देखणी दिसतात आणि तालुक्याच्या सभागृहात दिसतच नाहीत. रंगचक्रावर समोरासमोर असलेले रंग एकमेकांना खुलवितात हे शाळेत शिकविलेले सूत्र, रंग वापरलेच तर, ते अक्षरांना लावतात. परंतु रंगचक्राला उजेडाची गणती नसते. पाट्या रंगविणाऱ्या जुन्या पेंटरांना हे पक्के ठाऊक होते. ते निळ्यावर लाल अक्षर काढीत, पण दोहोंच्या मध्ये पांढरी कड ओढल्याखेरीज ब्रश खाली ठेवीत नसत. त्या मंडळींचे ज्ञान कोणी लिहून ठेवले नाही याचे मला वाईट वाटते. त्यांची कड हातभर अक्षराला शोभते. पडद्यावरच्या लहान देवनागरी अक्षरात मात्र तीच कड ‘श’ आणि ‘क्ष’ यांच्या पोटातली जागा भरून टाकते, म्हणून तो मार्ग मला बंद होता.

मजकूर कमी करण्याची तजवीज रंगानंतर केली, कारण काय बुडाले हे कळल्यावर काय वाचवायचे ते आपोआप कळते. प्रास्ताविक सबंध काढून बाईंच्या टिपणात घातले. ते बोलण्याचे होते, वाचण्याचे नव्हते. एका पुड्याला एक लिटर स्वच्छ पाणी व चोवीस तासांच्या आत वापर, ही रीत दुसऱ्या स्लाइडवर गेली. पहिलीवर मथळा म्हणून पूर्ण वाक्य ठेवले: ‘जुलाब लागताच ओआरएस आणि झिंक सुरू करा’. त्याखाली दोनच ओळी: दोन ते सहा महिने, रोज अर्धी गोळी; सहा महिन्यांपुढे, रोज एक गोळी; आणि दोहोंना मिळून ‘१४ दिवस, जुलाब थांबले तरी’. मूळ स्लाइडवर १० व २० मिलिग्रॅम असे होते. गोळी २० मिलिग्रॅमची असते आणि सेविकेच्या हातात गोळी येते, मिलिग्रॅम नव्हे, असे मी बाईंना म्हटले. त्यांनी मार्गदर्शिका पाहून संमती दिली व मिलिग्रॅमचा आकडा गोळीच्या शेजारी लहान अक्षरात राहू द्यावा असे सुचविले. ते योग्यच होते.

अक्षरांचा आकार अंतरावरून काढला. पाहणाऱ्याच्या अंतराचा दोनशेवा भाग ही माझी खालची मर्यादा. शेवटची रांग दहा मीटरांवर म्हणजे अक्षर पाच सेंटिमीटर, आणि पडदा दीड मीटर उंच म्हणजे स्लाइडच्या उंचीचा तिसावा भाग. पॉवरपॉइंटची स्लाइड ५४० पॉइंट उंच असते, तेव्हा शिरोरेषेपासून पायापर्यंतचे अक्षर १८ पॉइंट हवे. पण देवनागरी टाइपाच्या आकड्यात वरच्या-खालच्या मात्रांची जागाही मोजलेली असल्यामुळे प्रत्यक्षात ३६ च्या आसपास टाइप घ्यावा लागतो. त्या आकारात सहा ओळींपेक्षा अधिक बसत नाहीत, आणि गर्दीचा प्रश्न तेथेच मिटतो.

जमीन पांढरी केली, अक्षर जवळजवळ काळे. लाल मात्र बाईंना हवाच होता. धोक्याची लक्षणे लाल नसतील तर सेविका ती धोक्याची मानणार नाहीत, हे त्यांचे म्हणणे मला पटले. तेव्हा तिसऱ्या स्लाइडवर लाल रंग अक्षराकडून काढून जमिनीला दिला: गडद लालाचा आडवा पट्टा आणि त्यावर पांढरी ठळक अक्षरे, ‘पाणी पीत नाही, सुस्त पडून आहे, शौचात रक्त: ताबडतोब दवाखान्यात’. त्या लालावर पांढऱ्याचे प्रमाण सातापेक्षा अधिक भरते, आणि प्रोजेक्टरने लाल काळवंडविला तरी आता तो दोष अक्षराच्या पथ्यावरच पडतो. निळ्यावर लाल कसा वाचवावा याचे उत्तर मला अखेरपर्यंत सापडले नाही. तो वाचत नाही असेच माझे मत झाले आहे.

प्रशिक्षण देणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. सत्र सुरू होण्यापूर्वी, खोलीतले दिवे जसे राहणार तसेच ठेवून, शेवटच्या रांगेतून आपल्या स्लाइडचे छायाचित्र घ्यावे, ते मोबाइलवरच कृष्णधवल करावे आणि औषधाच्या मात्रेची ओळ त्यात वाचता येते का ते पाहावे. येत नसेल, तर त्या दिवसापुरती ती ओळ फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी.