पुसलेले चित्र

पत्र चुकीच्या पत्त्यावर गेले, तर पूर्वी ते एकाच घरी जाई. मोबाईलवरून चुकलेला संदेश एका क्षणात दोनशे घरी जातो. आमच्या महागावात हे घडताना मी पाहिले.

माझ्या घरासमोर एक वृद्ध शेतकरी राहतात. सारी आळी त्यांना आबाजी म्हणते. शासकीय मदतीच्या अर्जासाठी सेवा केंद्राच्या चालकाने त्यांच्याकडे आधारपत्राचे व बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानाचे छायाचित्र मागितले होते. आबाजींनी दोन्ही एकत्र ठेवून एकच छायाचित्र काढले आणि पाठविले. दुसऱ्याच क्षणी ते माझ्या मोबाईलवर उमटले! मी सेवा केंद्राचा चालक नव्हे. मी सोयाबीनच्या बाजारभावाच्या गटातला एक सभासद. गटात दोनशेहून अधिक माणसे, आणि त्यांतली निम्मी आबाजींना तोंडाने ओळखतही नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपवर काही पाठवू लागले, की नुकतेच ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांची नावे यादीत वर येतात. त्या सकाळी भावाची चर्चा जोरात असल्यामुळे गटाचे नाव सर्वांत वर होते, आणि आबाजींचे बोट तेथेच पडले.

मी धावत रस्ता ओलांडला. "आबाजी, छायाचित्र गटात गेलं!" असे म्हणताच त्यांनी घाबरून त्यावर बोट दाबून धरले, कचरापेटीची खूण दाबली आणि समोर आलेल्या पर्यायांपैकी एक निवडला. छायाचित्र नाहीसे झाले. आबाजींनी सुस्कारा सोडला. परंतु माझ्या हातातल्या मोबाईलवर ते जसेच्या तसे होते.

त्यांनी "Delete for me" हा पर्याय निवडला होता. त्याने संदेश केवळ आपल्या पडद्यावरून जातो. इतरांकडे तो राहतोच. शिवाय आपल्यापुरता तो नाहीसा झाल्याने पुन्हा पकडून सर्वांकडून पुसताही येत नाही. सुदैवाने त्यांची सातवीतली नात जवळच उभी होती. "आबाजी, थांबा!" म्हणत तिने पडद्याच्या तळाशी उमटलेला "Undo" हा शब्द दाबला. तो सुमारे पाचच सेकंद दिसतो. छायाचित्र परत आले. मग तिने "Delete for everyone" निवडले, आणि माझ्या पडद्यावरूनही ते गेले. तेथे संदेश पुसल्याची ओळ मात्र उरली. ही सोय पाठविल्यापासून दोन दिवस बारा तासांपर्यंतच असते.

"आता कोणाजवळ राहिलं नाही ना?" आबाजींनी विचारले. याचे उत्तर सोपे नव्हते. मधल्या मिनिटभरात कोणी पडद्याचे चित्र काढून घेतले असेल, तर ते पुसण्याचा उपाय आपल्याजवळ नाही. म्हणून ते कोणीतरी पाहिलेच आहे असे धरून चालावे, असे मी सांगितले.

मग नेमके काय उघडे पडले याचा आम्ही विचार केला. नुसत्या खातेक्रमांकाने सहसा कोणी पैसे काढू शकत नाही. त्यात पैसे भरता मात्र येतात. अधिक काळजी आधारक्रमांकाची होती. खेड्यापाड्यांतून बँकमित्राच्या यंत्रावर आधारक्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात. पहिल्या दोन गोष्टी त्या छायाचित्रात होत्या. अंगठ्याचा ठसा तेवढा उरला होता, आणि बनावट ठसे वापरून पैसे लांबविल्याची प्रकरणे पोलिसांनी उघडकीस आणलेली आहेत. म्हणून नातीने myaadhaar.uidai.gov.in या संकेतस्थळावर जाऊन आबाजींच्या ठशांना कुलूप लावले. त्यासाठीचा गुप्त अंक आबाजींच्याच मोबाईलवर आला. दुपारी बँकेत जाऊन त्यांनी झाला प्रकार लिहून दिला आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतला. पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवायचे, हेही नातीने भिंतीवर लिहून ठेवले.

कुलपाचा एक त्रासही झाला. पुढे रास्त भाव दुकानात आबाजींचा अंगठा यंत्र घेईना. नातीने कुलूप तात्पुरते उघडले, तेव्हा धान्य मिळाले; दहा मिनिटांनी ते आपोआप पुन्हा लागले.

चौथ्या दिवशी खरी कसोटी आली. "मी बँकेतून बोलतो," म्हणत एका गोड आवाजाने आबाजींचे पूर्ण नाव आणि खात्याचे शेवटचे चार अंक बिनचूक सांगितले व मोबाईलवर आलेला गुप्त अंक मागितला. अंक बरोबर सांगणारा माणूस खराच असणार, असे कोणालाही वाटावे! परंतु ते अंक त्याला कोठून मिळाले असतील, हे आबाजींना ठाऊक होते. "मीच येतो बँकेत," एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला आणि पासबुकात नोंदी भरून आणल्या. रक्कम होती तेवढीच होती.

अर्ज मात्र अजून व्हायचा होता. त्या संकेतस्थळावरून आधारपत्र उतरवून घेताना पहिले आठ अंक झाकलेली प्रत मागता येते, आणि पुष्कळ कामांना ती चालते. चालकाला विचारले, तर त्याच्या कामासही ती चालणार होती. आबाजींनी आधी त्याच्याशी झालेले बोलणे उघडले, वरचे नाव मोठ्याने वाचले, नातीकडून वाचवून घेतले आणि मगच ती प्रत पाठविली.