तार, हॉटस्पॉट आणि भाऊजी

परवा अकोल्याला ताईकडे गेलो होतो. अमरावतीहून दोन तासांचा रस्ता. कारण भाचीची ऑनलाइन परीक्षा. घरीच द्यायची, पण कॅमेऱ्यातून पर्यवेक्षक बघत असतो. सराव परीक्षेत तिचं नेट दोनदा तुटलं होतं, म्हणून पोरगी रडकुंडीला आलेली.

"मामा, नेटाच्या काड्या त पुऱ्या दिसून राह्यल्या!" ती म्हणाली.

काड्या पुऱ्या असल्या तरी मधेमधे खंड पडू शकतो. मी तिच्या लॅपटॉपवर हे चालू करून ठेवलं:

```
ping -t 192.168.1.1
```

हा पत्ता घरातल्याच राउटरचा. उत्तर कधी ३ मिलिसेकंदांत, कधी ३०० मध्ये, आणि अधूनमधून चक्क `Request timed out`. म्हणजे दोष कंपनीच्या लाइनीत नव्हता, राउटर आणि तिच्या खोलीमधल्या दोन जाड भिंतींत होता. बाजारातून १५ मीटर केबल आणली, दाराच्या कडेने ओढली. आकडा १ वर येऊन तिथेच थांबला.

मग घरातली गळती. कॅमेऱ्याचं चित्र आपल्याकडून बाहेर जातं, त्यामुळे अपलोड मोकळा हवा. तो खात होता ताईचा फोन, लग्नाचे फोटो वर चढवत. तो बॅकअप थांबवला, लॅपटॉपचे अपडेटही पुढे ढकलले.

आता राहिला हॉटस्पॉट. काही परीक्षांना तो चालत नाही. हिच्या नियमांत बंदी नव्हती. पण फोन खोलीत चालणार नव्हता, म्हणून तो बाजूच्या खोलीत भाऊजींच्या हाती. सिम मुद्दाम दुसऱ्या कंपनीचं. आदल्या रात्री रंगीत तालीम केली. राउटरमागची कंपनीची तार काढली आणि बघत बसलो. काहीच घडेना!

तीन घोटाळे निघाले. लॅपटॉप ते राउटर तार जोडलेलीच होती, त्यामुळे लॅपटॉप तिलाच धरून बसला. ती उपटली, तर तो घरच्याच मेलेल्या वायफायला जाऊन चिकटला. ते वायफाय विसरायला लावलं, तर हॉटस्पॉटच दिसेना. कोणी जोडलेलं नसलं की फोन थोड्या वेळाने तो आपोआप बंद करतो. ती सेटिंग काढून टाकली, फोन चार्जरला लावला. पुन्हा तालीम: नेट गेलं, तार उपटली, वीस सेकंदांत हॉटस्पॉट धरला. पत्ता बदलल्यामुळे सराव परीक्षेतून मात्र बाहेर फेकली गेली, पुन्हा लॉगिन करावं लागलं. हे तिला आधी कळलं ते बरं झालं, ऐन वेळी घाबरली असती.

परीक्षेच्या दिवशी नेट एकदाही गेलं नाही. भाऊजी मात्र दोन तास तो फोन समोर ठेवून बसून होते. ताईने चहा आणला, तर हातानेच 'थांब' म्हणाले.

चहा निवला. पेपर मात्र पूर्ण झाला.