सात अक्षरांचा हट्ट

स्क्रॅबलमध्ये हातातल्या सातही टाइल्स एकाच खेळीत लावल्या की पन्नास गुण जास्तीचे मिळतात. या खेळीला बिंगो म्हणतात, आणि बिंगोच्या नादात मी कितीतरी डाव घालवले. बिंगो जमत नसला तरी नजर लांबलचक शब्दच शोधत राहायची.

मावशीबरोबरचा एक डाव सांगतो. तिने पहिलाच शब्द ‘वॉटर’ लावला. शेवटचा आर मधल्या चौकटीवर. माझ्याकडे ए, डी, ई, आय, एल, टी आणि एक्स. सातांचा शब्द काही जुळेना. मग पटावरचा ई धरून मी खाली ‘एक्झॉल्टेड’ उतरवला. शब्द सात अक्षरांचा, पण ई पटावरचा, म्हणजे बोनस नाही. सहा टाइल्स खर्चून गुण मिळाले 24.

मावशीने ‘वॉटर’च्या शेवटी वाय लावून ‘वॉटरी’ केलं आणि वरून उतरणारा ‘कॉपी’ त्याच वायवर संपवला. चार टाइल्स, 26 गुण. तयार शब्दाला एक अक्षर जोडून नवा शब्द करायचा, याला हुक म्हणतात. ती जागा माझ्यासमोर उघडी होती, पण ‘वॉटर’ला मागे काय लागतं हे मी पाहिलंच नव्हतं.

डाव संपल्यावर तिने माझी खेळी पुन्हा मांडली. ‘वॉटर’मधल्या ए, टी, ई यांच्या बरोबर खाली तिने टी, ए, एक्स ठेवले. आडवा ‘टॅक्स’ झाला आणि उभे तीन शब्द आपोआप तयार झाले: ए-टी, टी-ए, ई-एक्स. तिन्ही शब्दकोशात आहेत. एक्स डबल लेटरच्या चौकटीवर आला, म्हणून आठाचे सोळा, आणि हे सोळा आडव्या-उभ्या दोन्ही शब्दांत धरले जातात. ‘टॅक्स’चे 18, ई-एक्सचे 17, उरलेल्या दोघांचे दोन-दोन; एकूण 39, तेही तीन टाइल्समध्ये.

“तुझा एक्सही याच चौकटीवर होता की रे,” मावशी म्हणाली. खरंच होता. पण माझ्या उभ्या शब्दात तो एकदाच मोजला गेला.

मला लगेच हाव सुटली. “मग आय लावून ‘टॅक्सी’च करू या!” तिने वरच्या आरवर बोट ठेवलं. आय त्याच्या खाली आला असता आणि आर-आय असा शब्द नाही. समोरच्याने आक्षेप घेतला असता तर अख्खी खेळी उचलावी लागली असती. समांतर खेळीत चिकटलेली प्रत्येक जोडी शब्द असावीच लागते. म्हणून दोन अक्षरी शब्द पाठ नसतील तर या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

आता बिंगो दिसला नाही की मी आधी पटावरच्या प्रत्येक शब्दाच्या मागे-पुढे काय लागतं ते पाहतो, मग रंगीत चौकटीला खेटून कुठला स्वर आहे ते. हातातली जड टाइल तिथे दोनदा मोजली जाईल का, हे ठरल्यावरच शब्द किती लांब करायचा याचा विचार करतो.