तारीख काढताना आधी काय खोडायचं?

आमच्या घरात पुतणीच्या लग्नाची तारीख ठरायला यंदा दीड महिना लागला. मुलगी लातूरची, मुलगा नाशिकचा, लग्न लातूरला. साखरपुडा दिवाळीनंतर झाला आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाचा एकच प्रश्न, "मग तारीख कधीची?" या दीड महिन्यात जे शिकायला मिळालं ते लिहून ठेवतोय. ज्यांच्या घरी पुढचं कार्य आहे त्यांना उपयोगी पडेल.

२०२६ चं पंचांगच मुळात अडचणीचं आहे. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत शुक्राचा अस्त. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. जुलैच्या मध्यात गुरूचा अस्त, आणि २५ जुलैला आषाढी एकादशी, म्हणजे चातुर्मास सुरू. अस्तात आणि चातुर्मासातही काही पंचांगं गौण किंवा काढीव मुहूर्त देतात आणि लोक ते धरतातही. पण "पंचांगातलाच हवा" म्हणणाऱ्या घरांना उन्हाळ्यात उरतात ते एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतचे जेमतेम चार आठवडे. त्यातही रोज मुहूर्त नसतो. विवाहाला सत्तावीसपैकी अकराच नक्षत्रं चालतात, शिवाय तिथी आणि भद्रा बघून त्यातलेही काही दिवस गळतात. म्हणून अख्खा जिल्हा त्याच आठ-दहा तारखांवर तुटून पडतो. मंगल कार्यालयवाले त्याला "मोठी तारीख" म्हणतात, आणि मोठ्या तारखेचं भाडंही मोठंच असतं.

गुरुजींनी आम्हाला चार तारखा काढून दिल्या. फेब्रुवारीच्या उत्तरार्धातली एक, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातला रविवार, मेच्या पहिल्या आठवड्यातला गुरुवार आणि जूनच्या अखेरची एक. घरात लगेच चार पक्ष तयार झाले.

फेब्रुवारीवर दादाचा भर होता. हवा छान, पाहुण्यांना त्रास नाही. पण मुलाची धाकटी बहीण बारावीला. तिचे पेपर, आणि दोन्हीकडच्या नात्यात दहावी-बारावीची मिळून सात मुलं. शिवाय आमची निम्मी भावकी शेतीतली. त्या दिवसांत हरभरा, ज्वारी काढणीला आलेली असते, मजूर मिळत नाहीत. काढणी सोडून कोण लग्नाला येणार? आले तरी अक्षता टाकून पळणार. आपल्याकडे लग्नसराई उन्हाळ्यात भरते ती रब्बीचं पीक घरात आल्यावर आणि पेरणीच्या आधी शेतकऱ्याला मोकळे दिवस आणि हातात थोडा पैसा असतो म्हणून.

जूनच्या तारखेला व्याही तयार होते, कारण कार्यालयं रिकामी होती. पण लातुरात तेव्हा पेरणीची धांदल. आणि गुरुजींनीच एक गोष्ट लक्षात आणून दिली. आमची मुलगी थोरली, मुलगाही थोरला आणि महिना निज ज्येष्ठ. याला त्रिज्येष्ठ म्हणतात आणि तो टाळतात. दोघांतलं एक जरी धाकटं असतं तरी चाललं असतं.

राहिले दोन. रविवार सगळ्यांनाच हवा होता. नोकरदारांना सुट्टी लागत नाही, नाशिकची मंडळी शनिवारी रात्री निघून सोमवारी सकाळी कामावर. पण शहरातल्या तीन कार्यालयांत विचारलं तर दोन आधीच गेलेली. तिसरं शिल्लक होतं, पण भाडं गुरुवारच्या जवळपास दुप्पट, आणि मुहूर्त दुपारी साडेबाराचा. एप्रिलअखेर लातुरात दुपारी साडेबाराला पारा चाळिशीच्या आसपास असतो. आमची आई ब्याऐंशी वर्षांची, तिला हृदयाचा त्रास. मुहूर्त कार्यालयात लागेल, पण वरात आणि जेवणाची पंगत मांडवात. सहाशे माणसं, वर पत्रा. डॉक्टरांनी आईला दुपारी बाहेर काढू नका असं स्पष्ट सांगितलं होतं. नातीच्या लग्नात आजी घरी, हे कुणालाच पटेना.

तरीही रविवार सुटत नव्हता. शेवटी तो गुरुजींच्या एका वाक्याने सुटला. मुलाची रास कन्या. त्या रविवारी चंद्र सिंहेत, म्हणजे मुलाला बारावा. चौथा, आठवा आणि बारावा चंद्र लग्नाला टाळतात. हे मुहूर्ताच्या यादीत दिसत नाही, कारण यादी सगळ्यांसाठी एकच असते. चंद्रबळ त्या दोघांच्या राशींवरूनच बघावं लागतं. म्हणून "यादीत आहे म्हणजे आपल्याला चालतो" असं धरून आधी बयाणा देऊ नका.

गुरुवारला गुरुजींची हरकत नव्हती. आणि त्या दिवशी गोरज मुहूर्त मिळत होता, सायंकाळी सातच्या सुमारास. मग गुरुवारच्या अडचणी मोजायला बसलो. पहिली प्रवासाची. नाशिकहून ऐंशी माणसं, रात्रभराचा रस्ता. व्याह्यांनी एसटीच्या दोन गाड्या प्रासंगिक करारावर घ्यायचं ठरवलं. बुधवारी रात्री निघायचं, गुरुवारी सकाळी पोचायचं, दिवसभर कार्यालयाच्या खोल्यांत आराम, लग्न लावून रात्रीच परत. नोकरदारांची रजा फक्त गुरुवारची. रेल्वेने येणाऱ्यांना आरक्षण साठ दिवस आधीच खुलं होतं, म्हणून पत्रिका छापायची वाट न बघता मार्चच्या पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना तारखेचा निरोप द्यायचं ठरलं.

दुसरी अडचण वळवाची. मे महिन्यात संध्याकाळी आभाळ भरून येतं, वारा सुटतो, मांडव उडतात. म्हणून लॉन नको, छप्पर असलेलंच कार्यालय, हे नक्की केलं. तिसरी वेळेची. रात्री दहाला वाजंत्री आणि डीजे बंद करावे लागतात. म्हणून वरात पाचला निघायची, मुहूर्त सातला, पंगत लगेच. चौथी, कार्यालयात त्याच दिवशी सकाळचं दुसरं लग्न आहे का? होतं. म्हणून सगळ्या खोल्या सकाळपासून आमच्या आणि मुख्य हॉल दुपारी दोनला रिकामा करून, धुऊन मिळेल, हे पावतीवर लिहून घेतलं. पाण्याचंही विचारलं. मेमध्ये टँकर कुणाच्या खर्चाने, हे तोंडी ठेवलं तर शेवटच्या दिवशी बिल मुलीच्या बापाच्या हातात येतं.

यातून माझ्या लक्षात आलं ते एवढंच. आपण आधी गुरुजींकडे जातो, "चांगली तारीख द्या" म्हणतो, आणि मग हॉल, पाहुणे, ऊन यांना त्या तारखेत कोंबत बसतो. उलटं करून बघा. आधी परीक्षा, काढणी-पेरणी, घरातली आजारी-म्हातारी माणसं आणि लांबच्या पाहुण्यांची रजा बघून न चालणारे आठवडे खोडा. दोन-तीन कार्यालयांत कुठले दिवस मोकळे आहेत ते लिहून आणा. मग दोघांच्या राशी आणि तो कागद घेऊन गुरुजींकडे जा आणि विचारा, "यातले कुठले चालणार नाहीत?" आमच्या गुरुजींना हे विचारणं आवडलं. म्हणाले, "अहो, लोक एकच तारीख घेऊन येतात आणि ती चांगली म्हणा म्हणतात."

आणि दिवसासोबत वेळही विचारा. एकाच दिवशी बऱ्याचदा सकाळचा, दुपारचा आणि गोरज असे वेगवेगळे मुहूर्त असतात. उन्हाळ्यात दुपारचा सोडता आला तर सोडा. आमच्या आईसाठी पहिल्या रांगेतली, कूलरजवळची खुर्ची आत्ताच ठरलीय.