पत्ता बदलला, अधिकारी बदलला नाही

निवृत्त झाल्यावर आम्ही जठारपेठेत राहायला आलो. आधार, बँक, पॅन, सगळीकडे अकोल्याचा पत्ता लागला. पण आयकर खात्याच्या नोंदीत माझे अधिकारी जुन्याच शहराचे राहिले, आणि हे मला रिफंड वळता करून घेतल्याची सूचना आल्यावर कळलं. नोकरीतल्या एका वर्षाची पगारातून कापलेली करकपात माझ्या खात्यात जमाच धरलेली नव्हती, त्यामुळे तेवढी रक्कम थकबाकी म्हणून उभी होती.

फॉर्म 16 घेऊन अकोल्याच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी कागद नीट वाचला आणि म्हणाल्या, "काका, कागद बरोबर आहे जी, पण तुमचं पॅन आमच्याकडं नाही. मला ही थकबाकी उघडूनच पाहता येत नाही." जुन्या शहरात फोन केला तर उत्तर मिळालं, "तुम्ही तर अकोल्याला गेलात ना, तिथंच विचारा." हे उत्तर मला आजही खुपतं. पॅन त्यांच्याच हातात होतं. त्यांनी सोडल्याशिवाय ते अकोल्याला येऊच शकत नव्हतं, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

पॅनवरचा पत्ता दुरुस्त केला की फक्त टपाल नव्या घरी येतं. प्रकरण हलवायला जुन्या अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज लागतो. दोन शहरं दोन आयुक्तांखाली असली, तर 1961च्या कायद्याच्या कलम 127 प्रमाणे दोघांची सहमती लागते. मी अर्जात पॅन, जुना-नवा पत्ता, बदलीचं कारण आणि दोन्ही अधिकाऱ्यांचे वॉर्ड लिहिले, आधार आणि वीजबिल जोडलं, एक प्रत अकोल्याला दिली. जुन्या कार्यालयातून पोच मागितली तर "ठेवून जा" म्हणाले. मी शिक्का घेतल्याशिवाय हललो नाही. पुढे पोर्टलवर तक्रार केली, तेव्हा त्या शिक्क्याची तारीखच कामी आली. पॅन अकोल्याला आलं, आणि त्याच बाईंनी करकपात तपासून थकबाकी काढून टाकली.

आयुक्तांची सहमती लागते हे मला तेव्हा जाचक वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. करदात्याला हवा तेव्हा अधिकारी बदलता आला, तर चौकशी लागलेला माणूस रोज गाव बदलेल. पण साध्या पेन्शनरला परक्या गावी पाठवणाऱ्याने निदान कुणाकडे अर्ज करायचा एवढं तरी सांगावं.

गाव सोडलेल्यांनी पोर्टलवर Know Your AO मध्ये पॅन टाकून बघावं. तिथं जुनंच शहर दिसलं, तर नोटीस येण्याची वाट न पाहता अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका.