नाही म्हणायचं, पण नातं राखून

आमच्या लालबागेत, म्हणजे बुऱ्हाणपूर स्टेशनच्या वस्तीत, पूर्वी नोकरीचा निकाल लवकर लागायचा. ताप्ती मिलमध्ये घेतलं तर घेतलं, नाही तर दुसरं दार. आता पोरांचे इंटरव्यू महिनोन्‌महिने चालतात. म्हणून माझ्या नातीचा अनुभव लिहितो, कुणाच्या घरी उपयोगी पडेल.

नात बी.कॉम. झालेली. इंदूरच्या एका कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी तिने आषाढात अर्ज केला. चार फेऱ्या झाल्या आणि दिवाळीही गेली, तरी उत्तर एकच, "प्रोसेस चालू आहे." मार्गशीर्षात तिला जळगावहून दुसरी नोकरी मिळाली. पगार थोडा कमी, पण लेखी पत्र हातात आणि हजर व्हायची तारीख पक्की. उत्तर चार दिवसांत द्यायचं होतं.

अडचण वेगळीच होती. इंदूरला तिचं नाव सुचवलं होतं बँकेतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलाने. नात म्हणाली, "आजोबा, त्यांनी सहा महिने टांगून ठेवलं. मी मेलला उत्तरच देत नाही, आपोआप कळेल."

मी म्हटलं, तसं नको. बँकेत असताना मी मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलोय. उशीर बहुधा उमेदवारावर रुसून होत नाही. जागेची मंजुरी अडकते, एक सही राहते, साहेबाची बदली होते. आणि निवडीच्या यादीत पहिल्या नावाखाली दुसरं नाव असतं. पहिल्याने स्पष्ट 'नाही' कळवलं की दुसऱ्याला बोलावता येतं. तो नुसता गप्प बसला तर दुसराही लटकतो आणि सुचवणाऱ्याचा शब्द हलका होतो. माणसं नकार विसरतात, गप्प बसलेला उमेदवार त्यांच्या लक्षात राहतो.

आधी तिने इंदूरला एकदाच विचारलं, "माझ्याकडे दुसरं नियुक्तिपत्र आहे. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे, तोवर आपला निर्णय कळू शकेल का?" हे फक्त खरोखर पत्र हातात असेल आणि इथे मिळाली तर जायची तयारी असेल, तरच विचारावं. नुसता दाब टाकायला विचारलं आणि त्यांनी "मग घ्या ती नोकरी" म्हटलं, तर आपलीच पंचाईत. सोमवारी उत्तर आलं, "अजून दोन आठवडे लागतील."

मग तिने जळगावला होकार पाठवला आणि त्यांची पोच आल्यावरच इंदूरचं दार लावलं. पण कंपनीला मेल जायच्या आधी सुचवणाऱ्या काकांना स्वतः फोन केला. ही बातमी त्यांना ऑफिसात दुसऱ्याकडून कळली असती, तर त्यांचा अपमान झाला असता. ते म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस. मी साहेबांना बोलतो."

मेल इंग्रजीत गेला, पाचच वाक्यांचा. विषयाच्या ओळीत नाव, पद आणि अर्जाचा क्रमांक. आशय असा: "मी या पदासाठीचा माझा अर्ज मागे घेत आहे. मी दुसरी नोकरी स्वीकारली आहे. चारही फेऱ्यांत आपण वेळ दिलात, त्याबद्दल आभार. विशेषतः तिसऱ्या फेरीत जीएसटीच्या ताळमेळावर झालेली चर्चा मला उपयोगी पडली. माझ्या जागी दुसऱ्या उमेदवाराचा विचार करणं आपल्याला सोपं जावं, म्हणून लगेच कळवत आहे."

पहिल्या खर्ड्यात "सहा महिने वाट पाहून" असं होतं. ते मी काढायला लावलं. किती उशीर झाला हे त्यांनाही ठाऊक आहे, आणि तो टोमणा फाइलमध्ये कायमचा राहतो. नव्या कंपनीचं नाव आणि पगारही लिहिला नाही. 'सध्या विचार नाही' असं मोघम लिहिलं असतं तर ते पुन्हा फोन करत बसले असते.

आणि फोन आलाच! दुसऱ्या दिवशी, "तीन दिवस थांबा, ऑफर काढतो." याचं उत्तर तिने आधीच ठरवून ठेवलं होतं, "आभारी आहे, पण तिकडे मी शब्द दिला आहे." इथे डळमळलं की दोन्हीकडची पत जाते.

एक मर्यादा सांगतो. हे सगळं इंदूरच्या कागदावर सही व्हायच्या आधीचं आहे. नियुक्तिपत्र सही करून परत दिलं असेल, तर तो अर्ज मागे घेणं राहत नाही. मग त्यातल्या अटी, बॉण्ड असेल तर तो, नीट वाचूनच पुढचं पाऊल टाकावं.

पुढे काकांकडून कळलं, यादीतल्या दुसऱ्या मुलीला त्यांनी बोलावलं. संक्रांतीला काकांचा नातीला फोन आला, तिळगूळ घ्या म्हणायला. वर म्हणाले, "मार्चनंतर आमच्याकडे आणखी एक जागा निघेल. तुझ्या ओळखीत कुणी असेल तर सांग."