भाडं तिघींचं, जबाबदारी प्रत्येकीची

तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात मैत्रिणींबरोबर फ्लॅट भाड्याने घेऊन राहतं का? मग एक प्रश्न विचारते. तिघी मिळून २४ हजार भाडं भरता आणि एक दिवस त्यातली एक म्हणाली, "या महिन्यात माझ्याकडे पैसे नाहीत," तर घरमालक तिचा हिस्सा कुणाकडे मागणार?

बहुतेकांना वाटतं, तिच्याकडेच. मी माझं भरलं, माझा विषय संपला. कायदा मात्र असं म्हणत नाही. पुण्यात राहताना मी हे तीन महिने जवळून अनुभवलं आहे.

आमचा टू बीएचके होता. बाल्कनीची खोली मोठी, म्हणून तिथे राहणारी मैत्रीण ९ हजार द्यायची. दुसऱ्या खोलीतली ८ हजार आणि हॉलमध्ये पार्टिशन टाकून राहणारी मी ७ हजार. डिपॉझिट ७२ हजार, तिघींनी प्रत्येकी २४ हजार घातलेले. हे हिस्से राहायला आलो तेव्हाच आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून ठरवले होते. ॲग्रीमेंटवर तिघींच्या सह्या आणि अंगठे होते, पण त्यात हिश्शांबद्दल एक शब्दही नव्हता. तिथे फक्त एकच आकडा होता, २४ हजार.

नोव्हेंबरमध्ये बाल्कनीच्या खोलीतल्या मैत्रिणीची नोकरी गेली. पहिल्या महिन्यात आम्ही दोघींनी साडेचार-साडेचार हजार जास्त घातले. मैत्रीण अडचणीत आहे, एवढं तर कुणीही करतं. डिसेंबरमध्येही तेच झालं. जानेवारीत मात्र आमचंही बजेट कोलमडलं. मी घरमालक काकांना फोन करून म्हटलं, "काका, आमच्या दोघींचे १५ हजार पाठवते. बाकीचे ती देईल."

काका शांतपणे म्हणाले, "हे बघ बाळा, तुमचं आपसात काय ठरलंय ते मला माहीत नाही. ॲग्रीमेंटवर तिघींच्या सह्या आहेत. मला चोवीस हजार पाहिजेत. कोण देतं ते तुम्ही बघा."

मला राग आला. नियमित भरणारीलाच कसे धरतात? पण माझ्या दुसऱ्या रूममेटची मावशी साताऱ्यात वकिली करते. तिने फोनवर पहिलंच वाक्य सांगितलं, "काका कायद्याने बरोबर आहेत."

कायदा तिघींना एकच भाडेकरू मानतो

आमच्या ॲग्रीमेंटच्या तिसऱ्या पानावर 'जॉइंटली अँड सेव्हरली' असे शब्द होते. मी इंग्रजीत बीए केलंय, त्यामुळे 'सेव्हरल' म्हणजे 'अनेक' हे मला पाठ. कायद्याच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ 'स्वतंत्रपणे' असा होतो. म्हणजे भाड्याची जबाबदारी तिघींवर एकत्र आहे आणि प्रत्येकीवर स्वतंत्रपणे पूर्णही आहे. एक तृतीयांश नाही, पूर्ण.

मावशी म्हणाली, "हे शब्द नसते तरी फारसा फरक पडला नसता." भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचं कलम ४३ सांगतं, की अनेकांनी मिळून एकच वचन दिलं असेल आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ज्याला वचन दिलं तो त्यांच्यापैकी कुणाही एकाकडून ते पूर्ण करून घेऊ शकतो. महाराष्ट्रात आपण लिव्ह अँड लायसन्स करतो, बाकी शहरांत बहुतेकदा अकरा महिन्यांचं रेंट ॲग्रीमेंट असतं. कागदाचं नाव काहीही असलं तरी सगळ्यांनी मिळून एक भाडं द्यायचं कबूल केलं, की हा नियम लागतो.

म्हणून काका तिघींपैकी कुणालाही फोन करू शकत होते. घरमालक साहजिकच तिलाच फोन करतात जिचा पगार वेळेवर येतो आणि जी फोन उचलते. त्यांना एकूण रक्कम एकदाच मिळते, दोनदा नाही, पण ती कुणाकडून घ्यायची हे ते ठरवतात. डिपॉझिटचंही तसंच. ते तिघींचं मिळून एक असतं. थकलेले ९ हजार त्यातून कापले, तर 'फक्त तिच्या २४ हजारांतून कापा' असं आपण मालकाला सांगू शकत नाही.

हा नियम कधी लागत नाही, तेही सांगते. पीजीमध्ये प्रत्येकीचा मालकाशी वेगळा करार असतो, तिथे शेजारच्या कॉटचं भाडं तुमच्या गळ्यात पडत नाही. ॲग्रीमेंटमध्ये 'प्रत्येकी फक्त आपल्या हिश्शापुरती जबाबदार' असं स्पष्ट लिहिलं असेल, तरीही नाही. आणि जिचं नाव ॲग्रीमेंटवर नाही, मधेच राहायला आलेली आहे, तिच्याकडे मालक या कराराच्या आधारे भाडं मागू शकत नाही. तिचा हिस्सा सही करणाऱ्यांवर येतो.

आधी भरायचं, मग वसूल करायचं

मग नियमित भरणाऱ्यांनी नुसतं सोसायचं का? नाही. त्याच कलम ४३ चा पुढचा भाग आपल्या बाजूने आहे. ज्याने इतरांचा हिस्सा भरला, तो त्यांच्याकडून तो मागू शकतो. कायद्यात उदाहरणही दिलंय. अ, ब आणि क यांनी मिळून ड ला ३ हजार द्यायचे आहेत. क काहीच देऊ शकत नाही आणि अ ला सगळे भरावे लागतात. मग अ ला ब कडून दीड हजार मिळतात. म्हणजे हरवलेला हिस्सा उरलेल्या दोघांत वाटला जातो. मालकावर तो कधीच पडत नाही.

आता आमचाच हिशेब बघा. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी मिळून ७२ हजार भाडं झालं. मी माझ्या हिश्शाचे २१ हजार आणि तिच्यासाठी साडेतेरा हजार भरले. दुसऱ्या रूममेटने तिचे २४ हजार आणि वर साडेतेरा हजार. म्हणजे तिच्याकडून येणं २७ हजार, प्रत्येकी साडेतेरा.

पण इथे एक खाच आहे. वेगळं ठरल्याचं दिसत नसेल, तर कायदा समान हिस्से धरतो. मग प्रत्येकीचे महिना ८ हजार, आणि तीन महिन्यांचं तिच्याकडून येणं २७ नाही, २४ हजार होतं. दुसऱ्या मैत्रिणीला साडेतेरा हजार मिळाले असते, मला मात्र साडेदहाच. बाल्कनीचं जास्त भाडं तिने आणि हॉलचं कमी भाडं मी द्यायचं ठरलं होतं, हे सिद्ध झालं नाही तर माझे ३ हजार गेले असते. ते वाचले व्हॉट्सॲपवरच्या त्या मेसेजमुळे आणि त्याआधी ती दर महिन्याला ९ हजार पाठवत होती त्या यूपीआय नोंदींमुळे.

मावशीने आणखी एक सवय लावली. दुसरीच्या वाट्याचे पैसे भरताना वेगळा व्यवहार करायचा आणि नोंदीत लिहायचं, 'जानेवारी भाडे, अमुकच्या हिश्शापोटी'. त्याच दिवशी तिलाही मेसेज टाकायचा, 'तुझे इतके भरले, ते तू देणं आहेस'. नाहीतर पुढे हे पैसे मदत होती की उसने, यावरच वाद होतो.

रागात काय करू नये, हेही तिने बजावलं. कुलूप बदलायचं नाही, सामान बाहेर काढायचं नाही. ॲग्रीमेंट चालू आहे तोवर त्या घरात राहण्याचा तिचा हक्क तुमच्याइतकाच आहे. आपणही भाडं थांबवायचं नाही, कारण मग मालकाच्या नजरेत तिघीही थकबाकीदार होतात. पोलिसांत जाऊनही उपयोग नाही, हा दिवाणी विषय आहे.

समजुतीने सुटत नसेल तर पैसे भरल्यापासून तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा करता येतो. त्याआधी सोपी वाट म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. जिल्हा न्यायालयात त्यांचं कार्यालय असतं. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. दावा दाखल न करताही वाद लोकअदालतीत ठेवता येतो आणि तिथे झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकंच वजन असतं.

आमचा प्रश्न कसा सुटला

आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. एका रविवारी तिघी हिशेबाचा कागद घेऊन बसलो. ती रडली, आम्हालाही वाईट वाटलं, पण आकडे समोर असल्यामुळे भांडण झालं नाही. जानेवारीअखेर तिने गावी परत जायचं ठरवलं. मावशीने सुचवलं, की तिचे डिपॉझिटमधले २४ हजार थकबाकीत वळते करून घ्या.

मात्र तिने नुसतं निघून जाणं पुरेसं नव्हतं. नाव ॲग्रीमेंटवर असेपर्यंत पुढच्या भाड्याची जबाबदारी तिच्यावरही राहते. मालक तिला म्हणाले असते, 'जा, तुझं माफ,' तरी कलम ४४ प्रमाणे आम्ही दोघी सुटलो नसतो आणि तीही आमच्या देण्यातून सुटली नसती. म्हणून काकांशी बोलून जुनं ॲग्रीमेंट संपवलं आणि नव्या मुलीसह नवीन रजिस्टर केलं. एजंट लॅपटॉप आणि थंब मशीन घेऊन घरीच आला.

नव्या मुलीने डिपॉझिटचे २४ हजार आम्हा दोघींना दिले. जाणाऱ्या मैत्रिणीने लिहून दिलं, की ही रक्कम तिच्या थकबाकीपोटी वळती झाली, डिपॉझिटवर तिचा हक्क नाही आणि ३ हजार बाकी आहेत. एप्रिलमध्ये तिने आम्हाला दीड-दीड हजार पाठवले. आमच्यात पूर्वीसारख्या गप्पा होत नाहीत, पण वाढदिवसाला फोन येतो.

नव्या ॲग्रीमेंटबरोबर आम्ही तिघींनी आमचं एक वेगळं पानही केलं. तुम्हीही करा. त्यात पाचच गोष्टी असू द्या: कुणाचा हिस्सा किती, डिपॉझिटमध्ये कुणाचे किती, एकीने भाडं चुकवलं तर इतरांनी भरलेली रक्कम किती दिवसांत परत करायची, ती तिच्या डिपॉझिटमधून वळती करता येईल ही तिची संमती, आणि सोडून जायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं व बदली कुणी शोधायची. खाली सगळ्यांच्या सह्या आणि तारीख.

या पानाने घरमालक बांधला जात नाही. त्याच्यासाठी तुम्ही तिघी एकच राहता. पण त्याचं भाडं चुकतं केल्यावर मैत्रिणीकडे हक्काने पैसे मागायची वेळ आली, तर हेच पान तुमच्या हातात असतं.